दुसऱ्याच्या दारातले गिऱ्हाईक : कोलॅब पोस्ट आणि व्हिडिओने उत्तर

हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातील गोरेगाव आणि त्याच्या आसपासच्या शिवारात हळदीची काढणी सुरू झाली की पुढचे दोन-अडीच महिने कुकरची धावपळ असते. काढलेली हळद फार दिवस ठेवता येत नाही. तीन-चार दिवसांत ती शिजवून वाळत घालावी लागते. पूर्वी हे काम मोठ्या कढईत होई. आता ट्रॉलीवर बसवलेली पाण्याची टाकी, तिच्या खाली भट्टी आणि बाजूला वाफेवर चालणारे दोन किंवा चार ड्रम असा कुकर शेतावरच नेला जातो. हे कुकर, हळदीचे पॉलिश ड्रम, चाळण्या वगैरे माल गावोगावच्या छोट्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करणारे मिस्त्रीच बनवतात. आपल्या वाचकांत असे काम करणारे पुष्कळ बंधू आहेत, म्हणून या लेखासाठी त्यांचाच धंदा घेतला आहे.

या धंद्याची अडचण अशी की एकदा घेतलेला कुकर अनेक वर्षे चालतो. गावातले आणि शेजारच्या पाच-सात गावांतले गिऱ्हाईक दोन-तीन हंगामांत संपते. नवे गिऱ्हाईक वाशीम, परभणी, नांदेड, यवतमाळ या भागांत असते आणि त्याला आपले नावही माहीत नसते. मिस्त्री मोबाईलवर व्हिडिओ टाकतो, पण त्याला पाहणारे तीनशे-चारशे लोक, त्यातही निम्मे नातेवाईक आणि उरलेले दुसरे वेल्डर. दुसरीकडे हळदीची लागवड, खत, फवारणी यांवर रोज व्हिडिओ बनवणारा एखादा शेतकरी तरुण असतो. त्याच्यामागे वीस-पंचवीस हजार हळद उत्पादक बसलेले असतात. त्या शेतकऱ्याच्या दारात जमलेले लोक आपल्या दारापर्यंत कसे आणावेत आणि आल्यावर त्यांच्याशी कसे बोलावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे. यासाठी इन्स्टाग्रामवर दोन सोयी आहेत. एक कोलॅब पोस्ट आणि दुसरी कॉमेंटला रीलने उत्तर देण्याची.

एकच पोस्ट, दोन दारे

२९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, जुलै २०२० मध्ये, इन्स्टाग्रामने येथे रील सुरू केले. टिकटॉकवर दुसऱ्याच्या व्हिडिओला जोडून आपला व्हिडिओ करण्याची सवय खेड्यापाड्यांतील मुलांना लागलेलीच होती. पुढे जुलै २०२१ मध्ये इन्स्टाग्रामने कोलॅब पोस्टची चाचणी भारत आणि ब्रिटन या दोन देशांत घेतली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती सर्वांना खुली केली. कॉमेंटला रीलने उत्तर देण्याची सोय त्याच वर्षी डिसेंबरात आली.

कोलॅब पोस्ट ही टॅग करण्याहून वेगळी गोष्ट आहे आणि बहुतेक घोटाळा येथेच होतो. टॅग केले म्हणजे दुसऱ्याच्या व्हिडिओत आपले नाव कोपऱ्यात येते. पाहणाऱ्याने मुद्दाम दाबले तर तो आपल्याकडे येतो, नाहीतर येत नाही. कोलॅबमध्ये पोस्ट एकच असते, पण ती दोघांच्याही पानावर राहते, वर दोघांचीही नावे येतात आणि दोघांच्याही फॉलोअरपुढे जाऊ शकते. लाईक, कॉमेंट, किती जणांनी पाहिले याचा आकडा हे सर्व सामाईक. एका दुकानाला दोन रस्त्यांवर दोन दारे असावीत आणि गल्ला मात्र एकच असावा, असा हा प्रकार.

सामाईक म्हणजे चांगले तेवढेच सामाईक नव्हे. एखाद्या गिऱ्हाइकाने खाली लिहिले की ‘यांनी माझा कुकर महिनाभर उशिरा दिला, माझी हळद शेतात पडून राहिली’, तर ती कॉमेंट त्या शेतकरी तरुणाच्या पानावरही तितकीच दिसते. त्याने चार-पाच वर्षे खपून जमवलेल्या लोकांपुढे आपली तक्रार उभी राहते. म्हणूनच समजूतदार क्रिएटर, म्हणजे असे व्हिडिओ बनवणारे लोक, कोणाही दुकानदाराला पटकन होकार देत नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे आम्हाला वाटत नाही. दुसऱ्याचे लोक आपण उसने घेत असतो. ती अमानत आहे.

कोणाचे दार ठोठवावे

येथे बहुतेक व्यापारी फॉलोअरचा आकडा पाहतात. विनोदी व्हिडिओ करणाऱ्याचे तीन लाख, हळद पिकवणाऱ्याचे बावीस हजार. मग पैसे विनोदवाल्याला. पण कुकर विकत घेणारा माणूस त्या तीन लाखांत कोठे आहे? असला तरी त्या वेळी तो हसायला आलेला असतो, यंत्र पाहायला नव्हे.

मसाला विकणाऱ्याने स्वयंपाकाच्या व्हिडिओकडे जावे. सारोळा कासारच्या सुमन धामणे यांच्या ‘आपली आजी’ या वाहिनीवर जे लोक येतात ते भाजी-आमटी शिकायलाच येतात. त्यांच्यापुढे मसाल्याची गोष्ट परकी वाटत नाही. यंत्र बनवणाऱ्याने शेतीच्या व्हिडिओकडे जावे. मात्र सांगलीच्या संतोष जाधव यांच्या ‘इंडियन फार्मर’सारख्या मोठ्या वाहिन्यांचा प्रेक्षक सगळ्या पिकांचा आणि दूरदूरचा असतो. ट्रॉलीवरचा कुकर दोन-तीन जिल्ह्यांपलीकडे पोहोचवायचा तर वाहतूक आणि नंतरची दुरुस्ती दोन्ही अवघड. गोरेगावच्या मिस्त्रीला आपल्या परिसरातला, हळदीचाच, लहान पण खरा क्रिएटर अधिक उपयोगी.

तो खरा आहे की नाही हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. त्याचे शेवटचे वीस व्हिडिओ उघडा आणि फक्त कॉमेंट वाचा. ‘दादा भारी’, ‘एक नंबर’, हाताचे आणि बदामाचे चित्र, या कॉमेंट बाजूला ठेवा. ‘सेलम बेणे कोठे मिळेल’, ‘करप्यावर काय मारले’, ‘एकरी किती क्विंटल उतारा आला’ असे प्रश्न किती आहेत ते मोजा. वीस व्हिडिओंत असे शंभर प्रश्न असतील तर तेथे शेतकरी बसले आहेत असे समजावे. दहाही नसतील तर फॉलोअर कितीही असोत, ते आपले नव्हेत. आणखी एक गोष्ट पाहावी. तो स्वतः त्या प्रश्नांना उत्तरे देतो का? जो देत नाही त्याच्याकडचे लोक विचारायचे सोडून देतात, आणि आपल्याला तर विचारणारेच लोक हवे आहेत.

कुकरचे खरे गिऱ्हाईक कोण, हेही आधी ठरवावे. दोन एकर हळद असलेला शेतकरी कुकर विकत घेत नाही. तो भाड्याने शिजवून घेतो. विकत घेणारा एक तर मोठा बागायतदार किंवा भाड्याने गावोगाव हळद शिजवत फिरणारा तरुण. म्हणून ज्या क्रिएटरच्या व्हिडिओखाली ‘भाड्याने शिजवून देणारे कोणी आहे का’ असे वारंवार विचारले जाते, तो आपल्यासाठी सोन्यासारखा. कारण त्या गावात कुकर कमी आहेत आणि भाड्याचा धंदा करू इच्छिणारा कोणीतरी तेच वाचत असतो.

बोलणी आणि पायऱ्या

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. यातील माणसे आणि आकडे समजण्यासाठी मांडलेले आहेत. गोरेगावचा एक मिस्त्री चार ड्रमचे कुकर बनवतो. रिसोडकडचा एक हळद उत्पादक तरुण बावीस हजार फॉलोअरचे पान चालवतो. मिस्त्री त्याला फोन करतो :

‘दादा, तुमची हळद यंदा मी माझ्या कुकरवर शिजवून देतो, पैसे नकोत. शूटिंग तुम्हीच करा. चांगलं निघालं तर कोलॅब करू, नाही निघालं तर राहू द्या.’

‘भाई, हरकत नाही. पण नीट शिजली नाही तर मी तसंच दाखवीन.’

‘दाखवा. मी तिथेच उभा राहणार आहे.’

हा सौदा रोख पैशांपेक्षा बरा, कारण क्रिएटरला आपल्या शेतातला खराखुरा विषय मिळतो आणि मिस्त्रीचे यंत्र चालताना दिसते. वर्कशॉपमध्ये रंग देऊन उभा केलेला कुकर कोणालाच काही सांगत नाही. ड्रमातून वाफ सुटते आहे, वीस मजूर टोपल्या घेऊन उभे आहेत, शिजलेले हळकुंड हातात घेऊन मोडले जाते आहे, त्यात काडी टोचली तर सहज आरपार जाते, हे दाखवावे. कमी शिजलेली हळद वाळल्यावर ठिसूळ होते आणि जास्त शिजली तर रंग बिघडतो, हे हळदवाल्याला ठाऊक असते. त्याची नजर बरोबर तेथेच जाते. मागे गाणे लावण्याची गरज नाही, वाफेचा आवाजच पुरे. व्यवसायाच्या खात्याला सगळी गाणी मिळतही नाहीत.

पोस्ट कोणी टाकायची हे आधी ठरवून घ्यावे. ज्याने टाकली त्याची ती पोस्ट असते. तो मजकूर बदलू शकतो, दुसऱ्याचे नाव काढू शकतो आणि त्याने पुसली तर दोघांच्याही पानावरून जाते. निमंत्रित माणूस फक्त स्वतः बाहेर पडू शकतो. त्यानंतर पोस्ट टाकणाऱ्याकडे ती राहतेच. म्हणून आमच्या मते मिस्त्रीने स्वतः टाकावी आणि क्रिएटरला निमंत्रण द्यावे. उद्या त्या तरुणाने दुसऱ्या कुकरवाल्याशी जमवून घेतले आणि तो बाहेर पडला तरी आपल्या पानावरचा व्हिडिओ आणि त्याखालची प्रश्नोत्तरे जागेवर राहतात. काही क्रिएटर हे मान्य करत नाहीत. मग मूळ शूटिंगची प्रत तरी आपल्याकडे मागून घ्यावी.

कृती अशी. नेहमीप्रमाणे रील निवडून शेवटच्या पडद्यावर यावे, जेथे मजकूर लिहितात. तेथे Tag people दाबावे, मग Invite collaborators. क्रिएटरच्या खात्याचे नाव टाइप करून निवडावे, Done करावे आणि Share करावे. ॲपच्या नव्या आवृत्तीत बटणांची जागा किंवा नाव थोडेफार बदलते, पण हा रस्ता Tag people जवळच सापडतो. समोरच्याला निमंत्रण जाते आणि त्याने Accept केल्यावरच पोस्ट त्याच्या पानावर येते. तोपर्यंत ती फक्त आपल्या तीनशे लोकांपुढे पडून असते.

येथे हमखास गोंधळ होतो. मिस्त्री दुपारी पोस्ट टाकतो, क्रिएटर शेतात असतो, तो रात्री पाहतो आणि स्वीकारतो. तोपर्यंत पोस्ट शिळी झालेली असते. कधी निमंत्रण अनोळखी संदेशांच्या ढिगात जाऊन पडते आणि दिसतच नाही. म्हणून वेळ फोनवर ठरवावी, शक्यतो रात्री आठच्या सुमारास, जेव्हा शेतकरी जेवून मोबाईल हातात घेतो. दोघांनी एकमेकांना आधीच फॉलो करून ठेवावे आणि पाच मिनिटांत स्वीकार झाला की नाही ते पाहावे. आपले खाते खासगी असेल तर ते उघडे करावे, नाहीतर इतका सगळा खटाटोप करून येणाऱ्याला दारावर कुलूप दिसायचे.

आणि एक कायद्याची बाब. हळद फुकट शिजवून दिली हाही मोबदलाच आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणे पैसे, फुकट वस्तू किंवा सेवा घेऊन केलेल्या शिफारशीत ते स्पष्ट सांगावे लागते, आणि व्हिडिओ ज्या भाषेत आहे त्याच भाषेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि तो माल बनवणाऱ्यालाही लागू होतो. मजकुराच्या पहिल्याच ओळीत ‘जाहिरात : या मिस्त्रींनी माझी हळद मोफत शिजवून दिली’ असे लिहावे, आणि नुसत्या मजकुरावर न थांबता व्हिडिओतही ते बोलून सांगावे आणि पडद्यावर दाखवावे. काही व्यापारी म्हणतात, असे लिहिले तर लोक पाहत नाहीत. आम्हाला ते पटत नाही. गावच्या माणसाला कोणी कोणाचे काम फुकट करत नाही हे न सांगताही कळते. लपवले तर मात्र दोघांवरचाही विश्वास जातो.

प्रश्नाला व्हिडिओने उत्तर

कोलॅब पोस्टने लोक दारात येतात, पण तेवढ्याने ते थांबत नाहीत. दोन दिवसांनी तो व्हिडिओ खाली जातो आणि मागे उरतात ते कॉमेंटमधले प्रश्न. आपल्या बहुसंख्य व्यापाऱ्यांची सवय अशी की प्रत्येक प्रश्नाखाली ‘मेसेज करा’ किंवा फक्त फोन नंबर लिहायचा. एक जण फोन करतो. तोच प्रश्न मनात असलेले बाकीचे पन्नास निघून जातात.

आपल्या पोस्टखालच्या कॉमेंटला Reply दाबले की लिहिण्याच्या जागेजवळ कॅमेऱ्याचे चित्र दिसते. ते दाबल्यावर रीलचा कॅमेरा उघडतो आणि ती कॉमेंट, विचारणाऱ्याच्या नावासह, चिठ्ठीसारखी पडद्यावर चिकटलेली असते. ती बोटाने सरकवून वर न्यावी, म्हणजे चेहरा किंवा यंत्र झाकले जात नाही. मग उत्तर चित्रित करून टाकावे. विचारणाऱ्याला त्याची सूचना जाते आणि शिवाय ते उत्तर आपल्या पानावर स्वतंत्र रील म्हणून राहते, म्हणजे तोच प्रश्न मनात असलेल्या अनोळखी माणसालाही सापडू शकते. यूट्यूबच्या शॉर्ट्सवरही कॉमेंटला शॉर्टने उत्तर देण्याची अशीच सोय आहे.

कोलॅब पोस्ट मिस्त्रीने स्वतः टाकावी असे वर म्हटले, त्याचे दुसरे कारण येथे कळेल. प्रश्न विचारणारे लोक क्रिएटरकडचे असतात, पण पोस्ट आपली असल्याने त्यांना उत्तर देण्याचा पहिला मान आपल्याकडे राहतो.

सगळ्याच कॉमेंटना व्हिडिओ करू नये. आपल्या उदाहरणात चौसष्ट कॉमेंट आल्या असे धरू. त्यात चाळीसेक नुसती वाहवा. उरलेल्या तेवीस-चोवीस प्रश्नांचे ढीग केले तर चारच विषय निघतात : किंमत किती, दिवसाला किती हळद शिजते, जळण किती लागते आणि कुकर फुटला तर काय. चार विषय म्हणजे चार व्हिडिओ, आठवड्यातून दोन. प्रत्येक विषयासाठी सर्वांत नीट लिहिलेली एक कॉमेंट निवडावी. त्याच विषयाच्या बाकीच्यांना ‘उत्तर पानावर आहे’ असे लिहून कळवावे.

किमतीचे उत्तर टाळू नये. नेमका आकडा सांगणे अडचणीचे असेल, कारण पत्र्याचे भाव बदलतात, तर यंत्राभोवती फिरत सांगावे की दोन ड्रमला इतक्यापासून, चार ड्रमला इतक्यापासून, त्यात ट्रॉली धरली आहे, टायर धरले नाहीत, पोहोच वेगळी. जो आकडा ऐकून निघून जाईल तो फोनवरही निघूनच गेला असता, आपला वेळ तेवढा वाचला. जळणाचे उत्तर वर्कशॉपमध्ये उभे राहून देऊ नये. शेतावर, भट्टीजवळ, किती लाकूड घातले आणि किती ड्रम निघाले ते मोजून दाखवावे. विस्तवापुढे मोजलेली गोष्ट खोटी ठरवणे कठीण असते.

सर्वांत जड प्रश्न चौथा. ‘कुकर फुटला तर?’ पुष्कळ मिस्त्री ही कॉमेंट पुसून टाकतात. पुसू नये. वाफेचे भांडे हे धोक्याचे काम आहे आणि विचारणाऱ्याने कोठेतरी अपघात ऐकलेला असतो. या उत्तरात सुरक्षा झडप कोठे आहे ते जवळून दाखवावे, दाब वाढल्यावर ती आपोआप उघडते ते प्रत्यक्ष दाखवावे, दाबाचे घड्याळ दाखवावे. पाणी कमी झाल्यावर भट्टी पेटती ठेवू नये, झडपेतून वाफ गळते म्हणून तिला तार बांधू नये किंवा बोल्ट ठोकू नये, कुकरजवळ मुले बसवू नयेत, हे स्पष्ट बोलावे. आणि ज्या मिस्त्रीच्या कुकरवर झडप आणि घड्याळ नाही त्याने आधी ते बसवावे, मग व्हिडिओचा विचार करावा. तोपर्यंत दुसऱ्याचे वीस हजार लोक आपल्या दारात बोलावणे योग्य नाही. हे उत्तर चांगले झाले तर ते रील टाकताना क्रिएटरला पुन्हा कोलॅबचे निमंत्रण द्यावे. हाही एक रीलच आहे, आणि आपल्या शेतकऱ्यांच्या जिवाशी संबंधित उत्तर तो आनंदाने स्वीकारील.

एक धोका बाहेरचा आहे. व्हिडिओ चालला की कोणीतरी आपलेच चित्र आणि मिळतेजुळते नाव वापरून दुसरे खाते उघडतो, आपल्या कॉमेंट करणाऱ्यांना संदेश पाठवतो आणि क्यूआर कोड देऊन विसार मागतो. गिऱ्हाईक पैसे घालवते आणि शिव्या आपल्याला देते. म्हणून एका उत्तराच्या व्हिडिओत स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवावे की विसार फक्त वर्कशॉपच्या नावाच्या खात्यावर, तोही फोनवर बोलणे झाल्यावर, आणि आम्ही कोणाला आपणहून संदेश पाठवून पैसे मागत नाही.

वहीतला हिशेब

व्हिडिओ किती जणांनी पाहिला याचा आकडा मन सुखावतो, पण तो हिशेबात धरू नये. त्यापेक्षा प्रत्येक कोलॅबला एक वेगळा शब्द द्यावा. मजकुराच्या शेवटी लिहावे, ‘माहितीसाठी व्हॉट्सॲपवर कुकर रिसोड असे लिहून पाठवा’; दुसऱ्या क्रिएटरच्या वेळी ‘कुकर वसमत’. ज्या शब्दाने संदेश आला त्यावरून तो कोणाच्या दारातून आला ते कळते. जे थेट फोन करतात त्यांना विचारावे, ‘कोणाचा व्हिडिओ पाहिला?’ आणि वहीत रकाना करून लिहावे.

आपल्या कल्पित मिस्त्रीची वही पाहू. रिसोडच्या तरुणाबरोबरचा व्हिडिओ पंधरा हजार लोकांनी पाहिला. तीन आठवड्यांत एकतीस संदेश आणि फोन. त्यातले सतरा भाड्याने शिजवून मागणारे, पाच खूप दूरचे, नऊ जण खरोखर विकत घेण्याच्या विचाराचे. चार वर्कशॉपवर येऊन गेले, एकाने विसार दिला. खर्च म्हणजे एका शेताची हळद शिजवण्याचे जळण, मजुरी आणि दोन दिवस. त्याच मिस्त्रीने गेल्या हंगामात विनोदी व्हिडिओवाल्याला पंधरा हजार रुपये रोख दिले होते. तेव्हा पाहणारे एक लाख चाळीस हजार, संदेश बारा, त्यातला विकत घेणारा एकही नाही. वहीत हे दोन रकाने शेजारी-शेजारी आले की पुढच्या वर्षी काय करायचे ते कोणाला विचारावे लागत नाही.

भाड्याने मागणाऱ्या त्या सतरा जणांना नाही म्हणून सोडून देऊ नये. त्यांची गावे लिहून घ्यावीत. एकाच गावातून चार जण भाड्याने मागत असतील, तर त्या गावात भाड्याचा धंदा उभा राहू शकतो, आणि विकत घेण्याच्या विचारात असलेल्या नऊ जणांपैकी जो त्या बाजूचा असेल त्याला हीच यादी दाखवावी. यंत्र घेतल्यावर गिऱ्हाईक कोठे आहे हे ज्याला आधीच दिसते, तो लवकर निर्णय घेतो.

वेळेचाही हिशेब आहे. कुकर चालताना चित्रित करायचा तर फेब्रुवारी-मार्चच हवा. पण त्या वेळी ज्याला कुकर हवा त्याने तो घेतलेला असतो, किंवा तो भाड्यावर अवलंबून असतो. नवा कुकर घेण्याचा विचार दिवाळीनंतर, पीक शेतात उभे असताना होतो. म्हणून हंगामात भरपूर शूटिंग करून ठेवावे, एक कोलॅब तेव्हाच टाकावी, म्हणजे प्रश्न जमतात; आणि सर्वांत चांगले शूटिंग राखून ठेवून दुसरी कोलॅब नोव्हेंबर-डिसेंबरात त्याच तरुणाबरोबर टाकावी. त्या वेळी मजकुरात चित्रण मागच्या हंगामातले आहे हे लिहावे. तोपर्यंत त्याची हळद विकलीही गेलेली असते, आणि आपल्या कुकरवर शिजवलेल्या मालाला हिंगोलीच्या मार्केट यार्डात रंगाबद्दल व्यापारी काय बोलले, हे तो स्वतःच्या तोंडाने सांगू शकतो.

दिवाळीनंतरच्या त्या व्हिडिओखाली कुकर कधी मिळेल असा प्रश्न येणारच. एका कुकरला वर्कशॉपमध्ये किती दिवस लागतात आणि काढणीपर्यंत किती दिवस उरले, हे मोजून जितके कुकर निघतात तितक्याच ऑर्डर घ्याव्यात, आणि त्या भरल्या की त्याच कॉमेंटला व्हिडिओने उत्तर देऊन यंदाचे काम बंद झाल्याचे सांगावे.